खिळ्यावरची किल्ली

ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात मी तीस वर्षं एकच धडा दिला: एक यंत्र बंद पडलं, तर दुसरं तयार हवं. निवृत्तीनंतर मूलच्या रस्त्यावर, जंगलाच्या फाटकाजवळ, दोन खोल्यांचं घर सफारीला येणाऱ्यांना भाड्यानं द्यायला काढलं, तेव्हा हा धडा मीच विसरणार आहे अशी शंकाही मला आली नाही.

आधी साधं कुलूप होतं. किल्ली मागच्या वस्तीत राहणाऱ्या बाईंकडे असायची. त्या घर झाडायच्या, चादरी बदलायच्या, आणि नवरा तळ्यावर जाळं टाकायला गेला की त्याच्या मदतीलाही जायच्या. पाहुणे आले की त्यांना हाक मारून बोलवावं लागे. मला हे मागासलेलं वाटलं.

दुकानदारानं दोन गोष्टी समोर ठेवल्या. एक, भिंतीवर बसवायची आकड्यांची पेटी, आत साधी किल्ली. दुसरं, बटणांचं स्मार्ट कुलूप. पेटी स्वस्त होती आणि तिला सेल लागत नव्हते. म्हणून अर्थातच मी कुलूप घेतलं. प्रत्येक पाहुण्यासाठी चंद्रपुरात बसल्या बसल्या मोबाइलवरून नवा कोड काढायचा, तो मुक्काम संपला की आपोआप निकामी. कोड तारीख-वेळेच्या हिशेबानं बनत असल्यानं कुलपाला इंटरनेटही लागत नव्हतं. मात्र त्याचे सेल किती उरलेत, हे मोबाइल घेऊन दाराजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नव्हतं. मी दाराजवळ क्वचितच उभा राहायचो.

पर्यायी व्यवस्थेचा कागद मात्र मी लॅमिनेट करून आत लावला. कलम एक: सेल संपल्यास नऊ व्होल्टची बॅटरी कुलपाखालच्या दोन टोकांना लावून कोड दाबावा. कलम दोन: बॅटरी स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमध्ये. कलम तीन: आपत्कालीन किल्ली ड्रॉवरच्या वर, खिळ्यावर. मुद्देसूद लिहिलं होतं, शाईही दोन रंगांची.

काही दिवसांपासून दार उघडताना कुलूप वेगळ्या सुरात वाजतं, असं एका पाहुण्यानं कळवलं होतं. ते स्वागत असावं, असं मी त्याला लिहून टाकलं.

मग नागपूरहून एक तरुण जोडपं आणि त्यातल्या मुलाची आई असे तिघे आले. सकाळची सफारी करून परतले, तर कुलूप गप्प. मुलानं मला फोन केला. आईचं इन्सुलिन आतल्या फ्रीजमध्ये होतं, जेवणाआधी टोचायचं होतं, आणि जेवणाची वेळ झाली होती. मी शांतपणे म्हणालो, कागद वाचा. त्यानं आदल्या दिवशी कागदाचा फोटो काढला होता. तो मोठ्यानं वाचू लागला आणि दुसऱ्या कलमाला थांबला.

"काका, ड्रॉवर तर आत आहे ना?"

मी हो म्हणालो. तिसरं कलम वाचायला त्याला सांगितलं नाही, तरी त्यानं वाचलंच. किल्लीही आत होती. दुसरी किल्ली चंद्रपुरात माझ्या कपाटात, तासाभराच्या अंतरावर. गाडी काढता काढता मी बाईंना फोन केला, तो खिडकीची जाळी कापायला कुणी मिळेल का हे विचारायला.

"जाळी काऊन कापता भाऊ?" त्या म्हणाल्या. "किल्ली मायाजवळ आहे."

"ती खिळ्यावर होती."

"तुमी टांगली त्याच दिवशी नेली मी. दार लागल्यावर खिळा का चालत बाहेर येईन?"

विचारलं असतं तर मी नकार दिला असता, म्हणून विचारलं नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं. कितीतरी पाहुणे त्या खिळ्याखालून गेले होते, आणि तो रिकामा आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या तर मुळीच नाही.

त्या तळ्यावरून थेट आल्या. मी पोचलो तेव्हा दार उघडं होतं, आईंचं टोचून झालं होतं आणि त्या वरणभात खात होत्या. दाराच्या पायरीवर ओल्या पावलांचे ठसे होते. मुलगा माझ्याशी फार सभ्यपणे बोलला, ते जास्त लागलं.

त्याच आठवड्यात आकड्यांची पेटी आणली आणि मागच्या भिंतीत बाहेरून पक्की बसवली. कुलूप राहिलं, आता सेल ठरावीक दिवशी बदलतो. पेटीत किल्ली आणि बॅटरी. पेटीचे आकडे पाहुणा गेला की बाई बदलतात: जुन्या आकड्यांनी उघडायची, आतला खटका सरकवायचा, नवे आकडे लावून खटका परत आणायचा, झाकण लावायच्या आधी एकदा तपासायचं, आणि मग आकड्यांची चाकं फिरवून टाकायची. शेवटचं मी विसरलो होतो. पहिल्या दिवशी कोड भिंतीवर सगळ्यांना दिसत होता. बाईंनी तो मला वाचून दाखवला.

कागद नवा केला आहे. आता एकच कलम: बाईंना फोन करा. यावेळी तो दाराच्या बाहेर लावला आहे.