तिसरी ओळ झाका

शिरूरच्या कॉलेजात मी तासिकेवर मराठी शिकवायचे आणि रोज एसटीने दौंडला घरी परतायचे. जोडीला भाषाशास्त्राचं एम. ए. चालू होतं. वाक्यरचनेच्या पेपरात मी एकदा नापास झाले होते. सासूबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "आता शेवटचंच बरं का. न्हाई झालं तर घरी बस." मला त्यांचा राग यायचा, आणि राग यायलाही जीव राहिलेला नसायचा.

व्याकरणाच्या जाड इंग्रजी पुस्तकात परक्या भाषांची उदाहरणं तीन ओळींत असत. वर मूळ वाक्य, मध्ये प्रत्येक शब्दाखाली त्याचा अर्थ आणि काम, आणि खाली सरळ भाषांतर. मी खालची ओळ पाठ करायचे. गाइडं वाचून पास झालेल्या माणसाला दुसरं काय सुचणार?

एकदा गाडीत शेजारी बसलेल्या सहकारी सरांनी पुस्तकात डोकावून पाहिलं. ते हा पेपर आधीच पास झाले होते.

"मॅडम, तुम्ही उत्तरच वाचताय की," म्हणत त्यांनी स्वतःचं तिकीट खालच्या ओळीवर ठेवलं. "आता सांगा."

मादागास्करची भाषा होती. 'मानासा लांबा नी वेहिवावी.' मधल्या ओळीत क्रमाने होतं: धुते, कपडे, मग 'ठरावीक' अशी खूण, इंग्रजीतल्या 'द'सारखी, मग बाई. मी म्हटलं, "कपडे बाईला धुतात."

सर हसले नाहीत. "पुढचं बघा."

पुढे पितो, पाणी, पुन्हा तीच खूण, पुरुष. पाणी काही पुरुषाला पिणार नाही. म्हणजे आधी क्रिया, मग जिच्यावर ती घडते ती वस्तू, आणि करणारा सगळ्यांत शेवटी. मी तिकीट सरकवलं, तर खाली तसंच लिहिलेलं होतं: बाई कपडे धुते. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हे आपल्याला जमेल.

मग रोज तेच. वाटेतल्या न्हावऱ्यापर्यंत डोळे मिटायचे, तिकीट घसरायचं, मी उचलून परत ठेवायचे.

पेपरात कधी न ऐकलेली भाषा आली. भाषांतर दिलेलंच नव्हतं, झाकायचा प्रश्नच नव्हता. मी मधल्या ओळीवरून बोट फिरवत रचना लिहून काढली.

पास झाल्याचं सांगायला घरी आले, तेव्हा सासूबाई अंगणातल्या दोरीवरून माझ्या साड्या काढत होत्या. परीक्षेच्या आधीपासून माझं धुणं त्याच करत होत्या. कधी सुरू केलं, मला कळलंही नव्हतं.

"आत्या, झाले पास."

"बरं झालं. काय असतं गं त्या पुस्तकात एवढं?"

मी ते वाक्य सांगितलं. आधी धुणं येतं, मग कपडे येतात आणि बाई शेवटी.

त्यांनी साडीची घडी घातली. "शेवटाला का व्हईना," त्या म्हणाल्या, "तिचं नाव येतंय न्हवं."

मी त्यांच्या हातातल्या साड्या घेतल्या.