न सोडलेले बैल

निजामाच्या राजवटीत आम्ही मंठ्याहून गाडीनं कापूस जालन्याच्या अडत्याकडं न्यायचो. चुलतभावाला दरवर्षी माझ्यापेक्षा चढा भाव मिळायचा अन् माझ्या पोटात दुखायचं. शिवार एकच, अडत्याही एकच!

मी पोचलो की बैल सोडायचो, गाडी रिकामी करायचो अन् मंग भाव विचारायचो. उतरवलेला माल कुणी परत भरत न्हाई, हे अडत्याला पक्कं ठाऊक. चुलतभाऊ शहाणा, तो मात्र बैल जुंपलेलेच ठेवून मूठभर कापूस दाखवायचा. भांडण न्हाई, धमकी न्हाई. "जमलं तर बघा, न्हाई तर उद्या पुढच्या अडतीवर दाखवतो," एवढंच हसून म्हणायचा.

एका वर्षी मीही बैल सोडले न्हाईत. मूठ दाखवली, तेच वाक्य तसंच हसून म्हणालो. अडत्यानं माझ्या तोंडाकडं बघितलंसुद्धा न्हाई. गाडीला चक्कर मारून आला अन् म्हणाला, "पाटील, बैलांची वैरण कुठंय?"

भावाच्या गाडीमागं दोन दिवसांचा कडबा बांधलेला असायचा. जालन्यात वैरण विकत घ्यायला नको म्हणून चिकटपणा करतो, असं मीच गावभर सांगत फिरायचो.