कुटुंबीय म्हणजे कोण

शाळेतून निवृत्त झाले तरी लोक मला मजकूर लिहून मागतात. देऊळगाव राजात एवढी वर्षं मराठी शिकवल्यावर कुणाचं निरोपाचं भाषण, कुणाच्या लग्नपत्रिकेतल्या चार ओळी, कुणाचा शोकसंदेश, हे माझ्याकडे येणारच. मी नाही म्हणत नाही. फक्त शोकसंदेश मागणाऱ्याला आधी बसवून विचारते. गेलेलं माणूस कोण, तुमचं त्या घराशी नातं काय, त्यांच्याकडची रीत काय, आणि मरण कसं आलं. एवढं कळल्याशिवाय साधा पहिला शब्दसुद्धा ठरत नाही. माळकऱ्याच्या घरी वैकुंठवासी म्हणतात, बौद्ध घरी कालकथित. नवरा मागे असेल तर बाईला कै. सौ. लागतं, लग्न झालेलं नसेल तर कु. तेरवी लिहायची की पुण्यानुमोदन, हेही घर बघूनच. चुकीचा शब्द दारात गेला की लोक तो वर्षानुवर्षं विसरत नाहीत.

त्या दिवशी सकाळी मी मेथी निवडत बसले होते. धाकट्या भावाचा मेसेज आला. तो बीबी गावाजवळच्या आमच्या माहेरगावी शेती करतो, आणि तेव्हा तिथल्या भाजीपाला बियाणं पिकवणाऱ्या शेतकरी गटाचा अध्यक्ष होता. मेसेज एवढाच होता: "ताई, धाडच्या पाव्हण्याकडं मयत झाली. गटाच्या नावानं शोकसंदेश लिहून दे. फ्लेक्सवाल्याले तुहा नंबर देला. लवकर."

मी लगेच फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, मग वहिनीला लावला. तिचा बंद होता. भाऊ कधी असा त्रोटक लिहीत नाही. बैल आजारी पडला तरी तो अर्धा तास सांगतो. म्हणून थोडं खटकलं, पण गडबडीत असेल असं वाटलं. धाड गावात भावाच्या ओळखीचं एक घर होतं, तिथे एक थकलेले आजोबा होते, हे मला ठाऊक होतं. तेच गेले असणार असं मी धरून चालले आणि कागद ओढला. "वृद्धापकाळाने" असं लिहिलं आणि थांबले. खात्री कुठे होती मला?

तेवढ्यात फ्लेक्सवाल्याचा फोन आला. तो माझ्याच गल्लीच्या तोंडाशी बसतो. म्हणाला, "मॅडम, मजकूर टाका ना. गटाचे लोक दुकानात येऊन बसले, दुपारच्या आत गावात लावायचा म्हणून राह्यले." मी म्हटलं, फोटो कुणाचा दिलाय तो पाठवा आधी.

फोटो उघडला आणि मी कागदावरचं वृद्धापकाळाने खोडलं. तेवीस-चोवीस वर्षांची पोरगी. पासपोर्ट आकाराचा फोटो, दोन्ही कानांमागे केस घेतलेले, ओठ मिटलेले. ही मला माहीत होती. हिच्या लग्नात मी पंगतीला वाढलं होतं. धाडची लेक आमच्या गावात दिली होती, भावाच्या गटातल्याच एका घरी. आणि ही सोयरीक माझ्या भावानं जुळवली होती. बघण्याच्या दिवशी दोन्हीकडच्या मंडळींच्या मधे तोच बसला होता. ती पोरगी त्याला मामा म्हणायची.

फ्लेक्सवाला बोलतच होता. त्याच्याकडे तयार नमुना होता, तो वाचून दाखवू लागला. वर समईचं चित्र. खाली कैलासवासी सौ., मग नाव, आडनाव सासरचं. मग "अल्पशा आजाराने दुःखद निधन". तिथे तो थांबला आणि म्हणाला, "हे मंडळी आजार काढून अपघाती निधन टाका म्हणतात. शेवटी, आम्ही सर्व कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी आहोत, असं. चालंल ना?"

मी त्याला म्हटलं, माझा फोन येईपर्यंत छापू नका. तो म्हणाला, मंडळी समोर बसलीय. मी म्हटलं, त्यांना सांगा, बाईंनी मजकूर दिला नाही.

अपघाती. हा शब्द कुणीतरी ठरवून दिला होता.

धाडला माझा एक जुना विद्यार्थी आहे, बाजाराच्या रस्त्यावर त्याचं किराणा दुकान आहे. त्याला फोन केला. तो दुकानातून बाहेर आला असावा, कारण मागचा आवाज कमी झाला. मग त्यानं हळू आवाजात सांगितलं. पोरगी काल सासरच्या शेतातल्या विहिरीत सापडली. सासरचे म्हणतात पाय घसरला. माहेरचे म्हणतात, घसरला की काय झालं ते तपासा. लग्नाला सात वर्षं झालेली नव्हती, कायद्यानं लागतं म्हणून पंचनाम्याला तहसील कचेरीतले साहेब आले होते. शवविच्छेदन झालं होतं. बाप म्हणाला होता, लेक सासरच्या दारात जाणार नाही, धाडलाच आणायची. गाडी यायची होती. "बाई," तो म्हणाला, "आणि त्यांच्याकडं कैलासवासी, तेरवी असलं काही नसतं. महानुभाव घर आहे. पिंड-बिंड नाही करत ते. तुम्ही लिहाल म्हणून सांगून ठेवलं."

मी फोन ठेवला. बोर्डावर एकच ओळ गेली असती, "कुटुंबीयांच्या दुःखात सहभागी", तर कुठल्या कुटुंबाच्या? आमच्या गावाच्या चौकात, सासरच्या आडनावाखाली, अपघाती शब्दासकट, गटाच्या सगळ्या सभासदांच्या नावांनिशी. गावानं चौकशीच्या आधीच निकाल दिल्यासारखं झालं असतं. आणि ते शब्द माझे असते.

मग भावाचा फोन आला. तो दवाखान्याच्या आवारातून बोलत होता. मागे माणसांचा गलका होता. मी विचारलं, मला का नाही सांगितलंस.

"काय सांगू, ताई. लेहून दे म्हणले, म्या लेहून माग्तलं."

"कोण म्हणलं?"

"तिच्या नवऱ्याचा काका. गटातले चार लोक त्याच्या संगं. म्हणे आज बोर्ड लागला म्हणजे लोकायच्या तोंडाले कुलूप."

"आणि तुला काय वाटतं? घसरली ती?"

त्यानं सांगितलं की पोरीनं त्याला काही दिवसांपूर्वी फोन केला होता. म्हणाली होती, मामा, मला घेऊन जा इथून, बाबाला सांगितलं तर ते भांडायला येतील, तुम्ही या. यानं तिला समजावलं. नवीन संसार आहे, होतं थोडं, पिकाची गडबड सरली की येतो. पिकाची गडबड सरली नव्हती.

"हे पोलिसाले सांग्तलं का?"

"नाही."

"तिच्या बापाले?"

"त्याच्या डोळ्याले डोळा कसा भिडवू मी?"

मला त्याचा राग आला आणि त्याच क्षणी तो लहानपणी ताप आल्यावर माझ्या पाठीला चिकटून झोपायचा तसा दिसला. मी म्हटलं, बोर्डाचा मजकूर मी देणार नाही. दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलास तर गटाचं नाव तुझ्या सहीनं जाईल, ते लक्षात ठेव. धाडला जायचं असेल तर मी येते तुझ्याबरोबर. गाडीत बसल्यावर दोन ओळी लिहून देते, त्या गटाच्या ग्रुपवर टाक.

तो देऊळगावात आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. आम्ही जाफराबादच्या अंगानं धाडला निघालो. मी फोनवर लिहिलं: "धाडची लेक आपल्या गावात नांदायला आली होती. ती गेली. तिच्या आईवडिलांच्या दुःखापुढे आमच्याकडे शब्द नाहीत." आत्म्याला शांती नाही, कैलास नाही, अपघात नाही, आजार नाही. जे माहीत नव्हतं ते लिहिलं नाही. कुटुंबीय हा शब्द काढून आईवडील लिहिलं.

भावानं गाडी कडेला घेतली आणि ते वाचलं. मग स्वतः टाइप करायला लागला. त्याला नीट टाइप करता येत नाही, एकेक अक्षर शोधतो. शेवटी त्यानं एक ओळ जोडली होती: "जे झालं ते समोर यावं." मी म्हटलं, बघ, ही ओळ मी लिहिलेली नाही. तो म्हणाला, "हाव. ही माही हाय." आणि पाठवून दिलं.

धाडला पोचलो तेव्हा पोरीला घरी आणून गाडी परत गेली होती. अंगणात बाया बसल्या होत्या. सकाळी मी ज्यांना मेलेलं धरलं होतं ते आजोबा भिंतीला टेकून बसले होते. बाप ओसरीवर उभा होता. भावानं हात जोडले, महानुभावांच्या रीतीनं दंडवत म्हणाला. बापानं उत्तर दिलं नाही. दोन तरुण माणसं आमच्या दिशेनं आली, पोरीचे चुलतभाऊ असावेत, आणि मला वाटलं आता हात उचलतात.

भाऊ जागचा हलला नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, "तिनं मले फोन केलता. घिऊन जा म्हणे. म्या गेलो नाही."

बाप पायरी उतरून खाली आला. अगदी जवळ. मी भावाचा दंड धरला. बापानं विचारलं, "काय म्हणाली व्हती? समदं सांग." भावानं सांगितलं, शब्द आठवून आठवून. आई आतून उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच बसली. सांगून झाल्यावर बाप म्हणाला, "हेच ठाण्यात सांगशील?" भाऊ हो म्हणाला. "मग इथं नको थांबू. आधी तिथं जा."

आम्ही पाणीही न पिता निघालो. कुणी विचारलंही नाही, आणि ते बरोबरच होतं.

परतताना भावाचा फोन सतत वाजत होता. गटातले लोक त्या एका ओळीवरून संतापले होते. त्यानं उचलला नाही. संध्याकाळी तो ठाण्यात गेला, त्याचा जबाब झाला, फोन तपासायला घेतला. नंतर गुन्हा दाखल झाला. प्रकरण अजून कोर्टात आहे. पाय घसरला की काय झालं, हे मला आजही माहीत नाही, आणि मी कुणाला ठामपणे सांगत नाही.

गटानं त्याला अध्यक्षपदावरून काढलं. गावातली दोन घरं त्याच्या घरी येत नाहीत. बोर्ड मात्र लागला नाही. फ्लेक्सवाल्यानं मला नंतर सांगितलं, मंडळी तासभर बसली, आपसात शब्दावरून भांडली आणि उठून गेली.

धाडच्या बापानं भावाला अजून माफ केलेलं नाही. तारखेला दोघं कोर्टाच्या आवारात भेटतात. भाऊ दंडवत म्हणतो. मागच्या वेळी बापानं मान हलवली, असं तो मला सांगत होता. मी विचारलं, हलवली म्हणजे कशी. त्यानं स्वतःची हनुवटी जराशी खाली नेऊन दाखवली.