बँडच्या आवाजावर शिजणारा भात

आमचा केटरिंगचा धंदा. स्वयंपाक आमच्या ह्यांचा, बुकिंग आणि लिहिणंवाचणं माझं. ह्यांच्या हाताला चव आहे, पण स्वभाव महा हेकट, आणि घड्याळावर तर काडीचा विश्वास नाही. आमच्याकडे पत्रिकेवर साडेबारा छापलं तरी लग्न लागतं अडीचला, म्हणून हे भट्टी पेटवतात ती बँडच्या आवाजावर. वरात पारापासून निघाली की तांदूळ वैरायचे, मांडवाजवळ आली की पुरीची कढई चढवायची. पंगतीत पुरी गरमच पडली पाहिजे, हा त्यांचा तोरा. मलाही तो आवडतो, खोटं कशाला बोलू.

अमडापूरच्या एका निवृत्त गुरुजींच्या मुलीचं लग्न आमच्याकडे होतं. बौद्ध घर, माणूस शिस्तीचा. बुकिंगच्या वेळी पुन्हा पुन्हा म्हणाले, "ताई, साडेबारा म्हणजे साडेबारा." मी घरी येऊन ह्यांना तसंच सांगितलं.

"हाव, सगळेच म्हणतात," हे म्हणाले.

गुरुजींनी बँड ठरवलाच नव्हता, आणि आम्हीही विचारलं नव्हतं. नवरदेवाची माणसं शांतपणे येऊन बसली. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले. टाळ्या वाजल्या तेव्हा आमचे हे मांडवामागे पाण्याच्या ड्रमवर बसून बँडची वाट पाहत होते, आणि तांदूळ अजून पोत्यात होते. पुढची धांदल सांगण्यासारखी नाही. पहिली पंगत बसायला दोन तास लागले. लांबची बरीचशी वऱ्हाडी मंडळी न जेवताच गाड्यांत बसली.

चार दिवसांनी गुरुजींचा फोन आला. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. हळूच म्हणाले, "ताई, पोरीले सासरी ऐकावं लागून राह्यलं. बापानं वऱ्हाड उपाशी धाडलं म्हणतात. जे झालं ते मले लेखी द्या. व्याह्याले दाखवतो."

मी कागद घेऊन बसले. हे सांगायला लागले, "लिही, काही अपरिहार्य कारणामुळे..."

"कोणतं कारण?"

"गॅस संपला लिही."

"भट्टी लाकडांवर होती."

हे म्हणाले, "खरं लिहिलं तर हे पत्र मोबाईलवर गावोगाव फिरन. डोणगावपासून चिखलीपर्यंत एक लग्न भेटनार नाई. समजते का तुले?"

समजत होतं. घर त्याच्यावरच चालतं. पण माझं डोकं फिरलं होतं. म्हटलं, "तुमच्या गरम पुरीपायी त्या पोरीनं मान खाली घालून राहायचं का? उद्या आपल्या पोरीला असं कोणी बोललं म्हणजे?"

हे उठून अंगणात गेले. मी लिहून टाकलं.

"आदरणीय गुरुजी, सप्रेम जय भीम. लग्न वेळेवर लागेल असं आपण वारंवार सांगितलं होतं. आम्ही ते मनावर घेतलं नाही. नेहमीप्रमाणे उशीर होईल असं धरून स्वयंपाक उशिरा सुरू केला. पाहुणे उपाशी गेले यात आपला काहीही दोष नाही. आपल्या व्याह्यांची परवानगी असेल तर त्यांच्या गावी येऊन, ते सांगतील त्या वेळी, सर्वांना आमच्या खर्चानं जेवू घालू. मनापासून माफी मागतो."

हे आत आले. उभ्यानंच वाचलं, माझ्या हातातला पेन घेतला आणि खाली आपल्या वाकड्या अक्षरात लिहिलं, "मुलीचे वडील वेळेवर होते. उशीर माझा." मग सही केली. मला त्या क्षणी ह्यांची फार माया आली, पण तोंडावर बोलले नाही. फुगले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं अमडापूरला गेलो. गुरुजींनी पत्र वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. फोटो काढून मुलीला पाठवला. त्यांच्या घरच्या काकूंनी चहा टाकला. थोड्या वेळानं मुलीचा फोन आला. गुरुजींना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर होता, तिचा आवाज सगळ्यांनाच ऐकू आला.

"बाबा, सासूबाईनं वाचलं. घरात सगळ्याइले वाचून दाखवलं. मंग मले म्हणे, त्या दिवशी तुहे बाबा कवा जेवले, ते विचार."

"जेवलो ना मी, जेवलो," गुरुजी म्हणाले.

"खोटं काऊन बोलता?" काकू दारातून म्हणाल्या. "साऱ्यांच्या पाया पडता पडता दिवस गेला. घरी येऊन पाणी पेले अन् झोपले."

आमचे हे मान खाली घालून बसले होते. एवढ्या माणसांना वाढलं, पण ह्या एका माणसाला कुणी ताट दिलं नाही, हे आम्हा दोघांनाही तेव्हाच कळलं. हे उठले आणि बाह्या वर सारल्या.

"काकू, कणकेचा डबा दाखवा," म्हणाले. मग वळून गुरुजींसमोर थांबले. "गुरुजी, किती वाजता बसता जेवाले?"

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, ह्यांनी कुणाला वेळ विचारलेली मी पहिल्यांदाच ऐकली.