जिनातलं मागचं दार

नांदुऱ्याच्या जिनिंग-प्रेसिंग फॅक्टरीत रमाकांत हेडक्लार्क होता. तिथं जिनात कपाशीतली सरकी काढायची आणि प्रेसमध्ये रुईच्या गाठी बांधायच्या. भिडस्त गडी. मालक अर्जुनराव खेकसले की मान खाली घालायची, आणि आपलं काम चोख करायचं. नोकरी त्यानं अशीच निभावली होती. पण एकदा मात्र तो अडून बसला, आणि ते बरंच झालं हो!

साल एकोणीसशे सहासष्ट. दिवाळी होऊन हंगाम ऐन भरात आला होता. विमा कंपनीचे इंजिनियर नागपूरहून येऊन फॅक्टरी पाहून गेले आणि मागोमाग सूचनांचं पत्र आलं. महिनाभरात प्रत्येक कामाची तारीख कळवा, नाहीतर आगीचा विमा चालू ठेवता येणार नाही. विमा गेला की बँक कापसावर पैसा देणार नाही, आणि बँक हटली की फॅक्टरीला कुलूप. अर्जुनरावांच्या तोंडचं पाणीच पळालं.

रमाकांत उत्तर लिहायला बसला. पाण्याच्या आणि वाळूच्या बादल्या टांगल्या, काम पूर्ण. विडी-काडी फाटकावर काढून घेतो, पूर्ण. लोंबत्या वायरी लोखंडी नळीत घालणं, पंधरा डिसेंबर. कपाशीच्या गंज्या जिनापासून दूर हलवणं, महिनाअखेर. इथवर सगळं सुरळीत होतं.

शेवटची सूचना अशी की, जिनघर आणि प्रेसघर यांच्या मधल्या भिंतीतलं दार विटांनी बुजवा, म्हणजे इकडची आग तिकडच्या गाठींना लागणार नाही. सूचना रास्तच होती. गवंड्याला सांगायला म्हणून रमाकांत जिनघरात गेला. बाया ओळीनं बसून मशीनला कपाशी भरवत होत्या, आणि काही जणी त्याच मागच्या दारातून रुई प्रेसकडे नेत होत्या. जिनघराला दुसरं दार एकच, पुढचं. तिथंच मशीनला भरवायच्या कपाशीचा रोजचा ढीग. पेट घेतला तर आधी तोच घेणार. गवंड्याला बोलावण्याऐवजी रमाकांत भिंती बघत फिरला.

बाहेरच्या भिंतीत नवं दार पाडावं, तर सगळी मशीनं फिरवणारा शाफ्ट त्याच भिंतीवर बसवलेला. भिंत फोडायची म्हणजे हंगाम बंद.

त्यानं मालकांना सांगितलं की, या एका कामाला तीस जूनची मुदत मागू. हंगाम संपला की आधी नवं दार पाडू, मगच जुनं बुजवू. तोवर त्या दाराला पत्रा मढवलेली फळी बसवू, ओढली की लागेल अशी. तिथं राखणदार ठेवू, आसपास रुई साचू देणार नाही.

अर्जुनराव भडकले. "पॉलिसी बुडोतं का बे? लिहून दे डिसेंबर, अन् बुजव ते दार!"

रमाकांत जागचा हलला नाही. "मालक, पुढून जाळ आला तर बाया कुठून निघतील?"

अर्जुनरावांनी एकदा जिनघराकडे पाहिलं. मग कागद ओढून घेतला, बडबडत बडबडत सही ठोकली आणि म्हणाले, की नागपूरवाल्यांनी नाही म्हटलं तर तूच जाऊन त्यांच्या पाया पड.

पाया पडायची वेळ आली नाही. कंपनीनं कारण मान्य केलं. मुदत दिली, तोवर थोडा जादा प्रीमियम लावला. अर्जुनरावांनी तोही कुरकुरत भरला. जूनचा शब्द पुढं पाळलाही गेला, पण त्याआधी पौषात व्हायचं ते झालंच.

कपाशीतून गारगोटी आली, मशीनमध्ये ठिणगी उडाली, आणि बघता बघता पुढचा ढीग धडाडला. पुढच्या दारातून धूर आत लोटू लागला. बायांची मुकादमीण मंजुळाबाई ओरडली, "मांगून चला!" एकेक करून सगळ्या मागच्या दारातून निघाल्या, आणि शेवटची बाहेर पडताच राखणदार कडूबानं पत्र्याची फळी ओढली. जिनघर अर्धं जळालं. प्रेसघरातल्या गाठींना धगसुद्धा लागली नाही.

अंगणात मंजुळाबाईनं बाया पुन्हा पुन्हा मोजल्या. सगळ्या होत्या. अर्जुनराव डोकं धरून ओट्यावर बसले होते. रमाकांत त्यांच्यापाशी गेला आणि त्या सहीसाठी त्यानं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. मालकांनी त्याला दंडाला धरून उठवलं. म्हणाले, मी तर बुजवाच म्हणत होतो रे.

मंजुळाबाई काजळलेल्या तोंडानं समोर आली. रमाकांत तिला सांगू लागला की बाई, सही मालकांची होती, कंपनीनंही ऐकलं म्हणून जमलं, माझं त्यात काही नाही.

"कोनाची सही अन् कोनाचा कागद, मले समजत नाही, बाबूजी," ती म्हणाली. "सांजच्याले आम्ही समद्या घरी जाऊन राह्यलो, एवढं समजते."

रमाकांतनं हात जोडले आणि बायांना वाट करून दिली.