दारात उभा ट्रक

वाडीतल्या फरसाणाच्या गोडाऊनचा कारभार माझ्याकडे होता. दिवाळीआधी तयार माल छतापर्यंत रचलेला असतो. त्यात सावनेरचा खोकेवाला मंगळवारी पुठ्ठ्याचे खोके पाठवणार होता. सोमवारी सकाळीच मी त्याला फोन लावला.

"भाऊ, जागा नाही. गुरुवारी सकाळी नाहीतर शनिवारी दुपारी पाठवा. आमच्याकडे शनिवारपर्यंत पुरतील एवढे खोके आहेत."

"माल तयार आहे मॅडम. माह्या कारखान्यातही जागा नाही. तुमचं गोडाऊन भरलं तं माह्या डोक्यावर कायले टाकता?"

"दोन वेळा दिल्यात. एक निवडा."

"पाहतो," म्हणून त्याने फोन ठेवला. मी दोन्ही वेळा मेसेजवरही लिहून पाठवल्या. उत्तर आलं नाही.

मंगळवारी दुपारी त्याचा ट्रक फाटकात उभा. ड्रायव्हर म्हणाला, "मालक म्हणाले, बोळीत उतरवून द्या."

बोळ म्हणजे आमची माल भरायची एकमेव वाट. संध्याकाळी तिथूनच चंद्रपूरचा ट्रक भरून निघायचा होता. तो चुकला असता तर तिथल्या दुकानदाराने दिवाळीची ऑर्डर दुसऱ्याकडे वळवली असती.

तरी मी हमालांना ट्रकचं मागचं दार उघडायला सांगितलं. लहान खोके पोटमाळ्यावर मावले असते. दार उघडलं तर तोंडाशी सगळे मोठे खोके, लहान पार केबिनच्या बाजूला.

म्हातारा हमाल हसला. "उलटं भरलं मॅडम. मोठे उतरवल्याबिगर लहान निघत नाही. अन् उतरवले तं परत कोण चढवते?"

नेहमी लहान खोके दाराशी असत, कारण तेच आधी वर जात. या वेळी मुद्दाम उलटे भरले होते. मी पुन्हा फोन लावला.

"हे असं काहून भरलं?"

"सगळं उतरवाच लागन म्हणून! मागचे साहेब बोळीत ठेवून घ्यायचे. तुम्हीच लई कायदा शिकवून राहिल्या."

"मग त्या साहेबांच्या घरी उतरवा."

"ट्रक वापस आला तं पाहून घेईन!"

"पाहा. तो निघालाय."

मी ट्रकचं दार लावून घेतलं आणि पावतीवर 'जागा नाही, माल घेतला नाही' असं लिहून सही केली. ड्रायव्हर शिव्या देत गेला. हमाल लगेच चंद्रपूरचा माल बोळीत आणायला लागले. दिवेलागणीला तो भरून तिकडचा ट्रक निघाला.

गुरुवारी सकाळी खोके आले. लहान दाराशी, मोठे आत. खोकेवाला स्वतः केबिनमध्ये बसून होता. उतरला नाही. मीही चहा विचारला नाही.

पुढची ऑर्डर त्यालाच दिली, कारण तेवढ्या जवळ दुसरं कुणी ते खोके बनवत नाही. माल पाठवायच्या आदल्या दिवशी त्याचाच फोन आला.

"उद्या जागा आहे का?"

"अकरानंतर."

त्याने फोन आपटला. ट्रक अकरानंतर आला.