पाच मिनिटांची लाळ

आमच्या दातांच्या दवाखान्यात मावशी एकोणीस वर्षं होत्या. हत्यारं धुऊन निर्जंतुक करायची, पेशंटच्या तोंडात लाळ ओढून घेणारी सक्शनची नळी धरायची आणि नव्या माणसाकडून माहितीचा कागद भरून घ्यायचा, ही त्यांची कामं. ‘चालू असलेल्या गोळ्या’ हा रकाना रिकामा दिसला की समोर कितीही मोठा साहेब असो, मावशी हलायच्या नाहीत. त्यांचा स्वतःचा कागद मात्र आम्ही कधी भरलाच नाही. आपल्याच माणसाचा कागद कसला भरायचा!

नवरा गेल्यावर मावशींना झोप येईना. बाहेरच्या एका डॉक्टरांनी मन थाऱ्यावर राहायच्या गोळ्या दिल्या. त्यानंतर त्यांचे दात हिरडीलगत किडू लागले. त्यांची डॉक्टर मीच, ते दात मी भरत गेले. दर वेळी नवी कीड दिसली की माझा पारा चढायचा.

“मावशी, इथे काम करता आणि ब्रश नीट करत नाही? लोक काय म्हणतील?”

त्या खाली मान घालून “करते हो” म्हणायच्या. माझा विश्वास बसायचा नाही.

तीन वर्षांनी खालचे पुढचे चार दात किडले, तेव्हा मी चरकले. त्या दातांमागेच लाळेच्या नळ्या उघडतात, ते सहसा शेवटी किडतात. तोंडात घातलेला माझा आरसा त्यांच्या कोरड्या गालाला आतून चिकटला. मी त्यांच्या हातात खुणांचा पेला दिला आणि पाच मिनिटं तोंडात जमेल तेवढी लाळ त्यात सोडायला सांगितली. दीड-दोन मिली तरी यायला हवी होती. पेल्याचा तळ जेमतेम ओला झाला.

“कुठल्या गोळ्या चालू आहेत?” हे मी त्यांना पहिल्यांदाच विचारलं.

मनाच्या त्या गोळ्यांनी तोंड सुकत होतं, म्हणून त्या दिवसभर लिंबाच्या आंबटगोड गोळ्या चघळत होत्या. मी समजावू लागले: लाळ म्हणजे बहुतेक पाणीच, पण त्यातला बायकार्बोनेट हा क्षार आम्ल मारतो, आणि दातातून सुटलेलं कॅल्शियम-फॉस्फेट लाळच परत भरते. लाळ कमी वाहिली की हा क्षारही कमी पडतो. तोंड धुऊन निघत नाही, आम्ल दातावर तसंच बसून राहतं.

“म्हणजे मी इतकी वर्षं नळीनं ओढून टाकत होते, तेच खरं औषध म्हणा की,” मावशी हसल्या. मला हसू आलं नाही.

गोळी बदलून घ्यायला त्या बाहेरच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली, लिंबाच्या गोळ्या बंद केल्या, फ्लोराइड लावलं. ते चार दात वाचण्यापलीकडे गेले होते. मीच काढले.

कापूस दाबून त्या बराच वेळ बसल्या. मग म्हणाल्या, “डॉक्टर, तीन वर्षं आपण समोरासमोर बसून डबा खाल्ला. प्रत्येक घासाला मी पाण्याचा घोट घेत होते. तुम्हाला कधी दिसलं नाही?”

दिसलं होतं. मला वाटायचं, मावशींना घाईघाईनं जेवायची सवय आहे.